शाळेकडे मैदान आणि फुटबॉल प्रशिक्षक मागताना: मुख्याध्यापकांना पत्र कसं लिहावं

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलसाठी कुणाला समजवावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना असला की दुपारनंतर रस्त्यावरची गर्दी बघून कळतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. तरीही माझा मुलगा ज्या खासगी अनुदानित शाळेत शिकतो, तिथे पाचवी ते आठवीच्या मुलांना आठवड्यातून एक पी.टी.चा तास आणि मधल्या सुट्टीत प्लास्टिकच्या बाटलीवर चालणारा खेळ, एवढंच होतं.

मी पहिलं पत्र लिहिलं ते दीड पानी होतं. खेळाने शरीर कसं घडतं, मुलं मोबाइलपासून कशी दूर राहतात, आपल्या गावाची परंपरा किती मोठी, असं सगळं त्यात होतं. शेवटी विनंती होती, ‘शाळेने मैदान आणि चांगला प्रशिक्षक उपलब्ध करून द्यावा.’ मुख्याध्यापिका बाईंनी ते वाचलं, हसून ‘विचार करू’ म्हणाल्या आणि पत्र फायलीत गेलं. सहा महिने काही झालं नाही. मला तेव्हा राग आला होता. पण नंतर तेच पत्र पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की बाईंनी ठरवलं असतं तरी त्या पत्रावर त्यांना काहीच करता आलं नसतं. कुठली जागा, किती वाजता, कुणी शिकवायचं, पैसे कुणाचे, यातलं एकही त्यात नव्हतं. आणि मैदान घेणं किंवा शिक्षकाची नेमणूक करणं मुख्याध्यापकांच्या हातात नसतंच. ते संस्थेच्या हातात असतं.

दुसरं पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले, आणि त्यातले लिहिण्याचे फक्त दोन तास होते. बाकीचा वेळ कसा गेला, तेच इथे सांगतो.

आधी टेप घ्या

‘शाळेला मैदान नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा अर्धंच खरं असतं. पूर्ण मापाचं मैदान नसतं, हे खरं. नियमाप्रमाणे मोठ्यांचं मैदान लांबीला ९० ते १२० मीटर आणि रुंदीला ४५ ते ९० मीटर लागतं; शहरातल्या किती शाळांकडे एवढी जागा असणार? पण दहा-बारा वर्षांच्या मुलांना ते लागतही नाही. एवढ्या मोठ्या मैदानावर लहान मुलं सोडली तर निम्म्या मुलांच्या पायाला अर्ध्या तासात चार वेळाही चेंडू लागत नाही. पाच-पाच जणांच्या खेळाला साधारण ३० बाय २० मीटर जागा पुरते.

एका रविवारी शिपाईमामांना विचारून मी आणि मुलगा ३० मीटरची टेप घेऊन शाळेत गेलो. टेपचं टोक त्याने भिंतीला धरलं आणि मी चालत गेलो. प्रार्थनेचं पटांगण लांबीला ३८ मीटर आणि रुंदीला २४ मीटर भरलं. पूर्वेकडे ध्वजस्तंभाचा कट्टा आणि पाण्याची टाकी, तिथली पाच मीटर सोडून द्यावी लागली. उरली ३३ बाय २४. म्हणजे ३० बाय २० चं मैदान आखून दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर आणि बाजूंना दोन-दोन मीटर मोकळी जागा राहते. ही मोकळी जागा सोडावीच लागते. चेंडूमागे धावणारं मूल रेषेवर थांबत नाही, ते भिंतीपर्यंत जातं.

मापाबरोबर जमीनही बघा. आम्ही पटांगणाचे चार भाग केले आणि प्रत्येक भागात दहा पावलं चालून वर आलेले दगड वेचले. तीन भागांत मुरूम चांगला दबलेला होता. टाकीजवळच्या भागात मात्र जुन्या बांधकामाची खडी निघाली, आणि एक लोखंडी सळई जमिनीतून बोटभर वर आलेली दिसली. तिचा फोटो काढला आणि पत्राला जोडला. पटांगणात पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि तिथे सामने मागू नका. तिथे चेंडू पायाशी ठेवण्याचा, एकमेकांकडे पास देण्याचा सराव होतो. पण मुलं पडणार असतील अशा खेळाला ती जागा चालत नाही.

हे सगळं एका कागदावर काढा. नकाशा सुबक नसला तरी चालतो. मापं, टाकी, झाड, खिडक्या आणि फाटक दिसलं पाहिजे. आमच्या नकाशात दक्षिणेच्या वर्गांच्या सहा खिडक्या लाल पेनाने दाखवल्या होत्या, कारण ‘काचा फुटतील’ हे पहिलं उत्तर येणार हे माहीत होतं. शेजारी लिहिलं होतं, या बाजूला गोल नको, नायलॉनची जाळी लावायची.

गोलपोस्टबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण इथे जीव जाऊ शकतो. उचलून ठेवायच्या लोखंडी गोलपोस्टला मुलं लोंबकळतात आणि तो पुढे कलंडतो. मागच्या पाइपवर वाळूची पोती किंवा जमिनीत खुंट्या, यापैकी काहीतरी असल्याशिवाय गोलपोस्ट उभा करायचा नाही, आणि सराव संपला की तो भिंतीला टेकवून साखळीने बांधायचा. पत्रात ही ओळ असली की मुख्याध्यापकांना कळतं की समोरच्याने विचार केलेला आहे.

पी.टी.च्या सरांना आधी भेटा

हे मी पहिल्या वेळी केलं नव्हतं, आणि ती मोठी चूक होती. प्रशिक्षक मागणारं पत्र क्रीडा शिक्षकाला आपल्याविरुद्धच्या तक्रारीसारखं वाटतं. मुख्याध्यापक ते पत्र वाचून पहिल्यांदा त्यांनाच विचारतात; ते नाराज असले की विषय तिथेच संपतो.

आमचे सर कबड्डीचे. त्यांच्याकडे चौदा तुकड्यांचे तास आणि वर सरकारी कामं. मी त्यांना म्हटलं, ‘सर, पत्र लिहायचं मनात आहे. तुम्हाला काय लागेल ते आधी सांगा.’ त्यांनी सांगितलं ते मला कधीच सुचलं नसतं. ‘बाहेरचा मुलगा शिकवायला आणा, माझी हरकत नाही. पण हजेरी माझ्याकडे पाहिजे आणि संघ निवडताना मी तिथे असणार. उद्या काही झालं तर उत्तर मला द्यायचंय.’ ते दोन्ही मुद्दे मी तसेच पत्रात घातले. सरावाची वेळही त्यांनीच सुचवली. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यामुळे शनिवार सोडायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आठ ते साडेनऊ, कारण शाळा अकराला भरते.

‘प्रशिक्षित’ म्हणजे काय, ते लिहा

कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांत उत्तम खेळणारी पोरं आहेत आणि त्यातली बरीच शिकवायला तयार होतात. पण चांगला खेळाडू हा प्रशिक्षक असतोच असं नाही. माझ्या ओळखीच्या एका खेळाडूला मी एका सकाळी बोलावलं होतं. त्याने वीस मुलं एका ओळीत उभी केली आणि एकेकाला गोलवर मारायला लावलं. पंचवीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला तीन किक आल्या. बाकी वेळ मुलं उभी होती.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षकांसाठी परवाने असतात. डी, मग सी, बी आणि ए, असे चढत जातात. शाळेतल्या सुरुवातीच्या मुलांसाठी डी परवाना असलेला माणूस मागणं रास्त आहे. त्याहून वरचा मागितला तर मिळणं अवघड आणि मानधनही परवडत नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक अभ्यासक्रम केलेला असेल तर तोही चालेल. बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी आहे, फुटबॉल प्रशिक्षणाची नाही. हा फरक पत्रात न दुखावता मांडायचा.

प्रमाणपत्राची प्रत मागा, मूळ कागद बघा. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेण्याची अट पालकांनीच घाला, शाळेने सुचवायची वाट बघू नका. आणि नेमणुकीआधी एक सराव बघा. मी एवढंच मोजतो: वीस मुलांत किती चेंडू आहेत आणि एखादं मूल सलग किती वेळ नुसतं उभं आहे. चांगला प्रशिक्षक दोन मुलांत एक चेंडू देतो, आणि त्याची मुलं रांगेत दिसत नाहीत.

पैशाचा हिशेब

हा हिशेब पत्राबरोबर नसेल तर ‘बजेट नाही’ एवढंच उत्तर येतं. आमचा असा होता. चाळीस मुलं, वीस-वीसच्या दोन तुकड्या, एकाच दिवशी पाऊण-पाऊण तास. आठवड्याला तीन दिवस म्हणजे महिन्याला १२ सत्रं. दिवाळीची सुट्टी आणि परीक्षेचे दिवस सोडून वर्षाचे आठ महिने, म्हणजे ९६. स्पर्धेआधी मोठ्या मैदानावर चार रविवार, एकूण १००. आमच्या भागातल्या डी परवान्याच्या प्रशिक्षकाने सत्राला ५०० रुपये सांगितले. वर्षाचे ५०,००० झाले, मुलामागे १,२५०.

साहित्य एकदाच घ्यायचं. चेंडू २०, त्यातले दहा चार नंबरचे आणि दहा पाच नंबरचे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना चार नंबरचा चेंडू लागतो. पाच नंबरचा त्यांच्या पायाला जड जातो आणि ती पायाच्या बोटाने मारायला शिकतात, ती सवय नंतर सुटत नाही. चेंडूंचे १२,००० झाले, वेल्डरकडून तीन बाय दोन मीटरच्या दोन गोलपोस्टचे १६,०००, आणि शंकू, रंगीत बनियन, पंप, जाळी यांचे ३,०००. एकूण ३१,०००. हे माजी विद्यार्थी मंडळाने उचलावेत असं मी त्यांच्याशी आधी बोलून ठेवलं होतं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पालकांची वर्गणी शिक्षक-पालक संघाच्या बैठकीत ठरवून, पावती देऊन, शाळेच्या माहितीनेच गोळा करा. एका पालकाच्या खात्यावर पैसे जमा होऊ लागले की चांगल्या कामाला वाईट वळण लागतं. दुसरं, वर्गणी न देऊ शकणारं मूल बाहेर राहता कामा नये. आमच्या चाळिसात अशी आठ मुलं होती. त्यांचे १०,००० बाकीच्यांनी मिळून भरले, आणि कुणी भरले नाहीत हे मुलांपर्यंत पोहोचू दिलं नाही.

कायदा कुठे आणायचा

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य सांगितलं आहे. सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाचाही उल्लेख आहे. शाळेला क्रीडांगण आहे की नाही ही माहिती यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या नोंदीतही भरलेली असते, ती बघून ठेवा. पण पहिल्याच पत्रात कायद्याचा दंडा उगारू नका. एक ओळ पुरे, तीही मुख्याध्यापकांच्या हाती संस्थेला दाखवायला काहीतरी असावं म्हणून. नोंदीत ‘क्रीडांगण आहे’ असेल आणि जागेवर गाड्या लागत असतील, तर तो मुद्दा भेटीत, समोरासमोर बोलायचा.

पत्र

पत्र एका पानाचं ठेवा. नकाशा, हिशेब आणि सह्या मागे जोडा. मागण्या दोन भागांत वेगळ्या करा: ज्या मुख्याध्यापक स्वतःच्या सहीने मान्य करू शकतात त्या आधी, ज्या संस्थेकडे पाठवाव्या लागतील त्या नंतर. माझ्या दुसऱ्या पत्रात खरा फरक पडला तो यामुळे. नावं काढून ते असं होतं:

> प्रति,
> मा. मुख्याध्यापिका,
> (शाळेचे नाव), कोल्हापूर
>
> विषय: इयत्ता ५ वी ते ८ वीच्या मुलामुलींसाठी पटांगणाचा सकाळचा वापर व फुटबॉल प्रशिक्षक मिळण्याबाबत
>
> महोदया,
>
> सप्रेम नमस्कार. इयत्ता ५ वी ते ८ वीतील ४० विद्यार्थ्यांचे आम्ही पालक आहोत. त्यांपैकी १४ मुली आहेत. या मुलांना नियमित फुटबॉल शिकता यावा, अशी आमची इच्छा आहे. क्रीडा शिक्षक सरांशी आम्ही याबाबत बोललो असून खालील वेळ त्यांच्या सल्ल्याने ठरवली आहे.
>
> आपल्या स्तरावर पुढील तीन गोष्टींस परवानगी मिळावी, ही विनंती.
>
> १. सोमवार, बुधवार व शुक्रवारी सकाळी ८ ते ९.३० या वेळेत प्रार्थनेचे पटांगण सरावासाठी मिळावे. सोबत मोजमापासह नकाशा जोडला आहे. टाकीजवळील खडी व वर आलेली सळई पालक स्वखर्चाने काढून देतील.
>
> २. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना असलेल्या प्रशिक्षकास दोन महिने प्रायोगिक तत्त्वावर शिकवू द्यावे. प्रमाणपत्राची प्रत व पोलीस चारित्र्य पडताळणी सुरुवातीपूर्वी सादर करू. हजेरी व संघनिवड क्रीडा शिक्षक सरांच्या देखरेखीखाली राहील. प्रत्येक सरावास दोन पालक, त्यांत एक महिला, उपस्थित राहतील.
>
> ३. स्पर्धेपूर्वीच्या चार रविवारी महापालिकेचे मैदान मिळावे, यासाठी शाळेच्या लेटरहेडवर विनंतीपत्र द्यावे. पाठपुरावा आम्ही करू.
>
> पुढील दोन बाबी शाळा समितीमार्फत संस्थेकडे पाठवाव्यात, ही विनंती: (अ) पुढील शैक्षणिक वर्षापासून प्रशिक्षकाच्या मानधनाचा काही भाग संस्थेने उचलावा; (आ) पटांगणाच्या सपाटीकरणासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे क्रीडांगण विकास अनुदानाचा प्रस्ताव सादर करण्याबाबत निर्णय व्हावा. बालकांच्या शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या अनुसूचीतही शाळेसाठी क्रीडांगणाचा उल्लेख आहे.
>
> पहिल्या वर्षाचा खर्च शिक्षक-पालक संघाच्या मान्यतेने पालक व माजी विद्यार्थी करतील. हिशेब सोबत आहे. वर्गणीअभावी कोणताही विद्यार्थी वगळला जाणार नाही.
>
> याबाबत चर्चेसाठी पुढील आठवड्यात १५ मिनिटांची वेळ द्यावी.
>
> आपले विश्वासू,
> (पालकांची नावे, पाल्याची इयत्ता व सह्या)
>
> सोबत: १. पटांगणाचा नकाशा व छायाचित्रे २. खर्चाचा तपशील ३. पालकांच्या सह्यांची यादी

मुलींची संख्या विषयानंतर लगेच, पहिल्या परिच्छेदात घातली, ती विचार करून. शालेय फुटबॉलमध्ये सुब्रतो चषकाला मुलींचा सतरा वर्षांखालील गट आहे. तरी शाळेत ‘फुटबॉल’ म्हटलं की मुलांचाच खेळ धरला जातो आणि मुलींची नावं नंतर ‘कोणी असेल तर’ म्हणून येतात. आकडा लिहिला की तो धरूनच बोलणं होतं.

कधी द्यायचं, आणि नंतर

फेब्रुवारीत द्या. जूनला वेळापत्रक ठरून जातं, आणि शालेय स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात. जूनमध्ये मागितलेला प्रशिक्षक येईपर्यंत तालुक्याच्या फेऱ्या संपलेल्या असतात. पत्र हातात देऊन निघून येऊ नका. कार्यालयात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. भेटायला तिघं जा, वीस नाही. आमच्यात एक आई होत्या, एक माजी विद्यार्थी आणि मी.

भेटीत बाईंनी नकाशा टेबलावर पसरला आणि बराच वेळ खिडक्यांवर बोट ठेवून होत्या. मग म्हणाल्या, ‘आठवीच्या वर्गात सव्वानऊला जादा तास असतो. आवाज चालणार नाही.’ आम्ही वेळ पाऊण तास अलीकडे आणली, सव्वासात ते पावणेनऊ. प्रशिक्षकाला आधीच विचारलेलं होतं, म्हणून तिथेच हो म्हणता आलं. पहिल्या तीन मागण्या त्याच दिवशी मान्य झाल्या. संस्थेकडच्या दोन्ही अजून समितीपुढे आहेत.

‘बघू’ असं उत्तर मिळालं तर एकच प्रश्न विचारा: ‘बाई, समितीची बैठक कधी आहे?’ तारीख मिळाली तर पत्र पुढे सरकतंय. तारीखच मिळत नसेल तर पंधरा दिवसांनी चार ओळींचं स्मरणपत्र द्या, आवक क्रमांकासह, आणि त्यात पाच मागण्यांऐवजी एकच ठेवा: दोन महिन्यांच्या प्रयोगासाठी पटांगण. ‘आधी वर्गखोल्या दुरुस्त करायच्या आहेत’ असं म्हणाले तर वाद घालू नका; वर्षभर शाळेचा रुपया लागत नाही, हे हिशेबाच्या कागदावर दाखवा. स्पष्ट नकार आला तर तो लेखी मागा, मग तोच कागद घेऊन शिक्षक-पालक संघाच्या बैठकीत विषय ठेवा. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समिती हे त्याचं योग्य ठिकाण; तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

परवानगी मिळाल्यावर पहिल्या सकाळी आम्ही सहा पालक सहाला पोहोचलो. सळई कापली, खडी टोपलीने उचलली, दोन सुतळ्या ताणून फक्कीने रेषा मारल्या. सव्वासातला मुलं आली तेव्हा फक्की अजून ओली होती आणि सर हजेरीची वही घेऊन फाटकात उभे होते. चाळिसातली सदतीस आली होती. त्या वहीची दोन महिन्यांची पानं झेरॉक्स करून मी जपून ठेवली आहेत. किती मुलं आली, किती गळली, किती मुली टिकल्या, किती जणांना लागलं, सगळं त्यात आहे. संस्थेच्या समितीपुढे पुढचं पत्र जाईल त्याला हीच पानं जोडणार आहे.